‘चलाखी’ हा शब्द मी मागे घेते

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी छांदोग्य उपनिषदावर बोलले होते. बोलण्याच्या ओघात म्हणून गेले की मध्वाचार्यांनी एक ‘अ’ घुसवून वाक्याचा अर्थच उलटा केला, ही निव्वळ चलाखी. सगळे हसले. मला वाटलं, काय छान बोलले मी! घरी येऊन आईला सांगितलं. तिचं माहेर पर्तगाळी मठाचं, म्हणजे माध्व परंपरेतलं, आणि आमचं घर कवळे मठाचं, अद्वैती. ती एवढंच म्हणाली, “संधी सोडवून बघितलास का गो?” नव्हता बघितला. मग बसले.

छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला शिकवतो. मुलगा बारा वर्षं वेद शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ मानेने घरी आलेला. बाप एकेक दृष्टान्त देतो आणि नऊ वेळा एकच वाक्य म्हणतो. त्यात आधी ‘आत्मा’ येतं आणि लगेच ‘तत्त्वमसि’. शंकराचार्य पदं पाडतात ती अशी: आत्मा, तत्, त्वम्, असि. म्हणजे ते तू आहेस. मध्वाचार्य पाडतात: आत्मा, अतत्, त्वम्, असि. म्हणजे ते तू नाहीस.

आता शाळेतलं संस्कृत आठवा. ‘विद्या’ आणि ‘अभ्यास’ मिळून ‘विद्याभ्यास’ होतो, दुसरा ‘अ’ पहिल्या ‘आ’त विरघळतो. तसंच ‘आत्मा’ आणि ‘अतत्’ मिळून ‘आत्मातत्’ होतं. आणि ‘आत्मा’पुढे नुसतं ‘तत्’ ठेवून सलग म्हटलं, तरी कानावर ‘आत्मातत्’च येतं. उच्चार एक, पदच्छेद दोन. म्हणजे मध्वांनी बाहेरून अक्षर आणलेलं नाही. व्याकरण दोघांनाही परवानगी देतं, आणि म्हणूनच निकाल देऊ शकत नाही.

तरी मनात होतंच, की सरळ अर्थ तर शंकराचार्यांचाच ना? पण अद्वैतालाही शब्द जसेच्या तसे घेता येत नाहीत. ‘ते’ म्हणजे जगाचं कारण आणि ‘तू’ म्हणजे भूक लागणारा, झोपणारा श्वेतकेतू. हे दोघे एक कसे? म्हणून अद्वैती लक्षणेचा आधार घेतात. ‘तो हा देवदत्त’ म्हणताना आपण तेव्हाचं गाव आणि आताचं गाव सोडून देतो, फक्त माणूस धरतो. तसं ‘ते’ आणि ‘तू’ यांतलं विरोधी तेवढं सोडायचं आणि उरलेलं शुद्ध चैतन्य एक मानायचं. म्हणजे एकाने पदच्छेद बदलला, दुसऱ्याने शब्दार्थाचा काही भाग सोडला. एकाला चलाखी म्हणायचं तर दुसऱ्याला काय म्हणू?

मग निकाल लागणार कुठे? दृष्टान्तांत. नद्या समुद्राला मिळतात आणि ‘मी अमुक नदी’ हे त्यांना उरत नाही. अद्वैती म्हणतो, बघा, भेद संपला. द्वैती म्हणतो, भेदाचं ज्ञान संपलं, भेद नव्हे. पाण्यात मिसळलेलं पाणी स्वतःला ओळखत नाही म्हणून नाहीसं होत नाही. मिठाच्या दृष्टान्तात मीठ दिसत नाही, पण वरून, मधून, तळातून कुठूनही चाखलं तर खारट लागतं. इथे मला मध्वांचं म्हणणं जास्त पटतं. मीठ पाण्यात सगळीकडे आहे, पण मीठ म्हणजे पाणी नव्हे. शिवाय गर्वाने फुगलेल्या मुलाला ‘तू ते नाहीस’ सांगणं बापाला शोभतंही.

पण अध्यायाच्या सुरुवातीला उद्दालक म्हणतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळं कळतं. मडकं मातीहून वेगळं काही नसतं, हा अर्थ तिथे सहज लागतो. द्वैती म्हणतात, हे कळणं सारखेपणामुळे किंवा मुख्य वस्तू कळल्यामुळे. मला ते ओढूनताणून वाटतं. हा दृष्टान्त आधी येतो, सगळ्या उपदेशाची दिशा तोच ठरवतो, म्हणून माझा कौल अजून शंकराचार्यांकडेच आहे.

पण आता तो मातीच्या गोळ्यावर टेकलेला आहे, त्या ‘अ’वर हसण्यावर नाही. म्हणून बैठकीत वापरलेला तो शब्द मी इथे मागे घेते. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मिठाचं तुला पटलं ना, मग मातीचंही पटेल हळूहळू.” वाद अजून चालू आहे.