कोड : लपविण्यात जाणारा काळच महागात

अविवाहित मुलीच्या अंगावर पांढरा डाग दिसला, की घरात पहिली चिंता पडते ती तिच्या लग्नाची. त्वचारोगतज्ज्ञ मात्र वेगळीच गोष्ट पाहतात. त्या डागावरचे केस अजून काळे आहेत, की तेही पांढरे झाले आहेत? डागाचे भवितव्य बऱ्याच अंशी या एका निरीक्षणावर अवलंबून असते. म्हणूनच डाग झाकण्यात गेलेली वर्षे रुग्णाला महागात पडतात.

कोड हा जंतूंमुळे होणारा विकार नाही. तो स्पर्शाने पसरत नाही, आणि आंबट खाण्याशी किंवा मासे व दूध एकत्र घेण्याशी त्याचा संबंध आढळलेला नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच शत्रू समजून नष्ट करते, म्हणून तेथील त्वचा दुधासारखी पांढरी पडते. काही रुग्णांत हीच यंत्रणा थायरॉइड ग्रंथीवरही उलटते. त्यामुळे ती तपासणी सुचविली जाते. त्वचेच्या पृष्ठभागावरील रंगपेशी संपल्या, तरी केसांच्या मुळाशी त्यांचा साठा बराच काळ शिल्लक राहतो. उपचारांनी रंग परततो तो प्रामुख्याने या साठ्यातून. केस पांढरा झाला, की साठाही संपत आल्याचे समजावे.

समजा, चोवीस वर्षांच्या एका तरुणीच्या कपाळावर आणि बोटांच्या टोकांवर डाग आहेत. विशेष अतिनील दिव्याखाली डागांच्या कडा तपासल्या जातात. कडा पुसट असतील, भोवती बारीक पांढरे ठिपके असतील किंवा खरचटलेल्या जागी नवा डाग उमटत असेल, तर विकार वाढतो आहे. अशा वेळी आधी त्याची वाढ थांबविणे आवश्यक असते. त्यासाठी काही आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या आठवड्यातून ठरावीक दिवशी दिल्या जातात. जोडीला टॅक्रोलिमससारखे मलम आणि आठवड्यातून दोन-तीनदा ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा उपचार असतो. किरणांची मात्रा अगदी कमी ठेवून सुरुवात होते आणि डागावर हलकी गुलाबी छटा येईपर्यंत ती वाढविली जाते. दोन-तीन महिन्यांनी कपाळावरील केसांभोवती तपकिरी ठिपके दिसू लागले, तर उपचार लागू पडला असे मानतात. निदान सहा महिने तरी हा क्रम सोडायचा नसतो. नोकरी सांभाळून दर आठवड्याला इतक्या फेऱ्या मारणे शहरात सोपे नाही. अनेकांचा उपचार याच टप्प्यावर तुटतो.

बोटांच्या टोकांवर मात्र केस नाहीत, म्हणून साठाही नाही. तिथे त्याच उपचाराचा परिणाम फारसा दिसत नाही, आणि हे तिला पहिल्याच भेटीत सांगायला हवे. शस्त्रक्रियेत मांडीवरील पातळ त्वचेतील रंगपेशी काढून डागावर रोवतात. परंतु विकार निदान वर्षभर स्थिर असला तरच. घाई केली, तर जिथून त्वचा घेतली ती जागाही पांढरी पडू शकते. बोटांच्या टोकांवर या शस्त्रक्रियेचे यशही मर्यादित असते.

नव्या औषधांपैकी रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डागांत ७५ टक्के किंवा अधिक सुधारणा झाली. आकडा आशादायक असला, तरी उरलेले ७० टक्के विसरून चालणार नाही. शिवाय हल्ला करणाऱ्या पेशींची ‘स्मृती’ त्वचेत उरते. उपचार थांबल्यावर त्याच जागी डाग परतण्याचे प्रमाण बरेच आहे.

असे असूनही रुग्ण उशिरा का येतात? लांब बाह्या, जाड मेकअप, समारंभ टाळणे यांत वर्षे निघून जातात. मुलगी असेल तर ‘कुठे बोलू नका’ हा घरचा पहिला सल्ला असतो. मग गुपचूप जाहिरातीतले लेप लावले जातात. त्यांतील काहींनी त्वचा भाजते आणि भाजलेल्या जागी डाग वाढतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या मराठी चित्रपटाने हीच कोंडी मांडली होती. ‘श्वेतकुष्ठ’ या शब्दानेही मोठे नुकसान केले आहे. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि तेथील संवेदना सहसा कमी होते. कोडाच्या डागावर टाचणीची टोच नेहमीसारखीच जाणवते. खुद्द कुष्ठरोग हेही घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यातून वगळले गेले. कोड हिंदू विवाह कायद्यातील त्या यादीत कधी नव्हतेच.

राहिला प्रश्न होणाऱ्या मुलांचा, जो सोयरिकीच्या बैठकीत हमखास निघतो. आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे नाकारता येत नाही. परंतु रुग्णाच्या आई-वडील, भावंडे, मुले अशा जवळच्या नात्यांत कोड होण्याचे प्रमाण साधारण ६ ते ७ टक्के आढळले आहे. म्हणजे शंभरांतील नव्वदहून अधिक जणांना ते होत नाही.