न दुखणाऱ्या पायाची काळजी

मैत्रिणींनो, घरात कुणाला मधुमेह असला की आपण चहातली साखर मोजतो, भाताची वाटी मोजतो. त्या माणसाचे पाय मात्र कुणी पाहत नाही.

आमच्या शेजारचे काका कपाशीच्या शेतातून आले आणि चप्पल काढून ओसरीवर बसले. दोन दिवसांनी काकूंना फरशीवर ओला डाग दिसला. चपलेतून आरपार आलेला बाभळीचा काटा अंगठ्याखाली रुतून पू झाला होता! "दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?" काका म्हणाले. खरंच होतं ते, दुखलंच नव्हतं. डॉक्टरांनी काटा काढून जखम साफ केली, औषध दिलं आणि त्या पायावर भार द्यायचा नाही अशी तंबी दिली. दीड महिन्यानं जखम भरली.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यांत लांब नसा पायाच्या म्हणून सुरुवात बोटांपासून. आधी मुंग्या येतात, रात्री आग होते. पुढे ते थांबतं आणि माणूस म्हणतो, "आता बरं आहे." पण कित्येकदा ते बरं होणं नसतं, पाय बधिर झालेला असतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत, दुखणं कळत नसल्यामुळे जखमा चिघळून जातात.

बधिरपणा घरीही ओळखता येतो. त्यांना डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपलं बोट एक-दोन सेकंद हलकेच टेकवा. दाबू नका, गुदगुल्या नकोत. कळलं की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहांपैकी दोन ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा पाय तपासून घ्यावेतच.

रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून उजेडात बघा: तळवा, टाच, बेचक्या, नखांच्या कडा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. घट्ट्याखाली काळपट लाल दिसलं तर आत जखम असू शकते. घट्टा ब्लेडनं कापू नका, भोवरीची पट्टीही लावू नका. तिच्यातल्या औषधानं चांगली कातडीही जळते. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवावा. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा नको, देव रागावणार नाही! शेकायची पिशवीही नको.

फोड दिसला तर फोडू नका. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडी जंतुरहित पट्टी बांधा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दवाखाना गाठा. पाय सुजला, गरम लागला, लाली वर चढली, वास आला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी निघा.