सगळाच ताप लशीचा नसतो

‘लस घेतली ना? मग ताप येणारच. चार-आठ दिवस राहील, लस अंगात मुरतेय. आणि ताप आलाच नाही तर समजा, लस पाण्याची होती.’ हा सल्ला मोठ्या अधिकारवाणीने देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा मला राग येतो, कारण त्यांच्या बोलण्यातला अर्धा भाग खरा आहे आणि त्या अर्ध्याच्या आडोशाने उरलेला अर्धा माणसांना घरी बसवून ठेवतो.

लशीनंतर ताप येतो, हे खरे. पण ‘चार-आठ दिवस’ आले कुठून? सुई टोचलेल्या जागी शरीराची पहिली पहारेकरी फळी जागी होते, काही रसायने रक्तात सोडते आणि मेंदूतले तापमानाचे केंद्र काही काळ वरच्या अंशावर जाते. ही खळबळ टोचल्यापासून साधारण सहा ते चोवीस तासांत सुरू होते आणि बहुतेकांत अठ्ठेचाळीस तासांत विरते. एखाद्याला तिसरा दिवसही कणकण राहते. ताप बहुधा 100.4 ते 102 फॅरनहाइटच्या दरम्यान असतो, 103 क्वचित. गोवर-गालगुंड-रुबेलासारख्या जिवंत विषाणूंच्या लशींचा ताप मात्र उशिरा, साधारण आठवडा-दीड आठवड्याने येऊ शकतो. म्हणून कोणती लस आणि कधी घेतली, हे आधी विचारावे लागते. आमचे गृहस्थ ते विचारतच नाहीत.

याची किंमत एप्रिल 2021 मध्ये किती घरांनी मोजली! कोरोनाची दुसरी लाट भरात होती आणि लसीकरणाच्या रांगाही लांब होत्या. समजा, एका पन्नाशीच्या माणसाने मंगळवारी सकाळी अकराला कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. रात्री नऊला हुडहुडी भरली, ताप 101.6. बुधवारी दुपारी 100.8, दंड दुखतोय, अंग मोडून आलेय. गुरुवारी गोळी न घेताही दिवसभर 98.6. इथपर्यंत सारे लशीचे. शनिवारी रात्री पुन्हा 101, सोबत कोरडा खोकला, रविवारी चहाला वास नाही. गृहस्थांचा निकाल तयार असतो: ‘लशीचाच आहे.’ अहो, लशीचा ताप उतरून, पूर्ण दिवस गोळीशिवाय बरा काढून, चौथ्या-पाचव्या दिवशी परत येत नाही! दंडात टोचलेल्या लशीने सहसा नाक गळत नाही, घसा खवखवत नाही, खोकला लागत नाही, वास जात नाही. हा संसर्ग लशीआधी किंवा अगदी रांगेतही झालेला असू शकतो, कारण पहिल्या डोसचे संरक्षण उभे राहायला दोनेक आठवडे लागतात. शनिवारी चाचणी करून बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, की बुधवारपर्यंत लस ‘मुरायची’ वाट पाहायची? ज्यांनी वाट पाहिली, त्यांतले काही दवाखान्यात पोचले तेव्हा धापा टाकत होते. हा सल्ला मला निरुपद्रवी कसा वाटावा?

ताप नाही म्हणजे लस पाण्याची, हेही खोटे. वयस्क माणसांना ताप कमी येतो, पण त्यांच्याही अंगात प्रतिपिंडे तयार होतात.

‘ताप गोळीने दाबू नये’ हा जुना वाद मला पुन्हा उकरायचा नाही. अंग फार दुखत असेल तर प्रौढाने पॅरासिटामॉल खुशाल घ्यावी. माझी हरकत फक्त दर सहा तासांनी घड्याळ लावून गोळी गिळण्याला आहे. मग ताप खरोखर उतरला की गोळीने झाकला, हे कळणार कसे? गोळीआधी थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ लिहून ठेवा.

माझा आग्रह थोडका आहे. जिवंत विषाणूंची लस सोडून इतर लशीनंतर ताप तिसऱ्या दिवसाच्या पुढे गेला, 103 वर चढला, किंवा उतरून परतला, तर तो लशीचा नाही असे धरून कारण शोधा. दंडावरची लाली दोन दिवसांनंतर कमी होण्याऐवजी पसरत असेल, जागा गरम होऊन पू दिसत असेल, तर तो स्थानिक जंतुसंसर्ग असू शकतो. धाप, छातीत दुखणे, मान आखडणे, बरळणे, यांसाठी तिसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचे.

आणि पावसाळ्यात लस घेतली असेल, तर थंडी वाजून येणाऱ्या तापात मलेरियाची आणि डोळ्यांमागे दुखत असेल तर डेंग्यूची रक्ततपासणी मागून घ्या. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरतो त्या सुमारासच प्रकृती बिघडू शकते, म्हणून ताप गेला तरी पोटात जोरात दुखणे, सतत उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसले, तर लगेच दाखल व्हावे लागते.