क्रिएटिन, शाकाहार आणि एका टाकीचा हिशेब

शाकाहारी व्यक्तींना क्रिएटिनचा गुण अधिक येतो, हे वाक्य आपल्याकडे दोन छावण्यांनी वाटून घेतले आहे. एकीला त्यात शाकाहाराच्या दुबळेपणाचा पुरावा दिसतो, तर दुसरीला क्रिएटिनच्या डब्याची जाहिरात. दोघांनीही मूळ हिशेब केलेला नाही.

स्नायूंतील क्रिएटिनचा साठा म्हणजे सतत झिरपणारी टाकी. दररोज त्यातील दीड-दोन टक्के भागाचे क्रिएटिनिन होऊन ते लघवीवाटे बाहेर पडते. प्रौढ पुरुषात ही गळती सुमारे दोन ग्रॅम असते. त्यातील साधारण निम्मी भरपाई शरीर स्वतः करते. उरलेली आहारातून, म्हणजे मांस-मासळीतून होते. दुधात क्रिएटिन नगण्य, डाळींत जवळजवळ नाहीच. त्यामुळे पनीर वाढवून प्रथिने वाढतील, क्रिएटिन नव्हे. आवक कमी झाली की टाकी रिकामी होत नाही; गळती पातळीच्या प्रमाणात असल्याने पाणी खालच्या पातळीवर स्थिरावते.

टाकीचा काठ मात्र सर्वांचा जवळपास सारखाच. समजा, एका किलो शुष्क स्नायूमागे शाकाहारी व्यक्तीत 100 मिलिमोल क्रिएटिन आहे, मांसाहारी व्यक्तीत 125, आणि काठ 150 वर आहे. रोज तीन ते पाच ग्रॅम पूरक क्रिएटिन घेऊन काही आठवड्यांत दोघेही काठाशी पोहोचले, तर पहिल्याची वाढ 50 टक्के आणि दुसऱ्याची 20 टक्के. कॅनडात 2003 साली बर्क आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांच्या वजन-व्यायामासह केलेल्या प्रयोगात हाच कल दिसला: शाकाहारींची सुरुवात खालून झाली, आणि क्रिएटिन घेणाऱ्या शाकाहारींत साठ्याची वाढ अधिक झाली. अधिक वाढ म्हणजे अधिक उंच शिखर नव्हे. चढणच लांब होती.

खरी गफलत पुढे आहे. भारतात ‘मांसाहारी’ हा शब्द सामाजिक ओळख सांगतो, ग्रॅम सांगत नाही. कच्च्या मटणाच्या किलोत सुमारे साडेचार ग्रॅम क्रिएटिन धरले, तर रविवारी शंभर ग्रॅम खाणाऱ्याला आठवड्याला जेमतेम अर्धा ग्रॅम मिळते, तेही शिजवताना होणारी घट न मोजता. रोजच्या हिशेबात हे सत्तर मिलिग्रॅमही नाही. स्नायूंच्या दृष्टीने हा गृहस्थ शाकाहारी शेजाऱ्याच्याच रांगेत उभा आहे. म्हणून रोज मांस खाणाऱ्या पाश्चात्त्य गटांवरून काढलेली ‘मांसाहारींना गुण कमी’ ही सरासरी त्याला लावणे चुकीचे आहे.

आणि हा हिशेब स्नायूंपुरताच आहे. मेंदू आपले क्रिएटिन बहुतांशी स्वतःच बनवतो. मोजमापांत शाकाहारी आणि मांसाहारी यांच्या मेंदूतील पातळी सारखीच आढळली आहे. तेव्हा ‘शाकाहारींची बुद्धी क्रिएटिनअभावी उपाशी’ असे विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: कोणती टाकी मोजली?