कढईतील जुने तेल आणि बेकरीतील खारी

दिवाळीचा फराळ डब्यांत भरला गेला म्हणजे संगमनेरातील घरोघरी एक प्रश्न मागे उरतो : कढईतील उरलेल्या तेलाचे काय करावयाचे? ते टाकणे गृहिणीच्या जिवावर येते. बसस्थानकाच्या आसपास वडे-भजी तळणाऱ्यांपुढे तर हा प्रश्न रोजच उभा राहतो. त्याच वेळी घरात चहाबरोबर बेकरीतील खारीची पुडी उघडलेली असते. हृदयविकाराच्या भीतीने या दोन्ही वस्तूंस हल्ली एकाच दोषाचे धनी ठरविण्यात येते. वस्तुतः हे दोष भिन्न आहेत, आणि म्हणून त्यांचे उपायही भिन्न आहेत.

प्रथम खारीचा विचार करू. खारीचे पापुद्रे सुटावयाचे तर थरांमध्ये घट्ट स्निग्ध पदार्थ लागतो. पातळ तेलाने ते काम होत नाही. म्हणून निकेल धातूच्या सान्निध्यात तेलात हायड्रोजन वायू सोडून ते गोठवावयाची युक्ती निघाली. आपल्याकडे 1937 पासून 'डालडा' या नावाने घरोघरी पोचलेले वनस्पती तूप ते हेच. या क्रियेत हायड्रोजन अपुरा मुरला, तर तेलाच्या ज्या कणसाखळ्या निसर्गतः वाकड्या असतात त्यांपैकी काही सरळ होऊन बसतात. हेच ट्रान्स मेद. 1990 साली डच संशोधकांनी माणसांस असा आहार देऊन दाखविले की, त्याने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते आणि उपकारक कोलेस्टेरॉल घटते. दुहेरी अपाय करणारा दुसरा स्निग्ध पदार्थ आहारात क्वचितच सापडेल.

प्रमाण किती, हे हिशेबाने पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सामान्य आहारात दिवसाकाठी सुमारे सव्वादोन ग्रॅमपेक्षा अधिक ट्रान्स मेद नसावा. शंभर ग्रॅम खारीत पंचवीस ग्रॅम स्निग्धांश धरला, आणि त्यात शंभरास दहा या प्रमाणात ट्रान्स मेद असला, तर तेवढ्या खारीनेच अडीच ग्रॅम पोटात जातात. सरकारने ही मर्यादा क्रमाक्रमाने उतरवून 1 जानेवारी 2022 पासून शंभरास दोन केली. त्या मापाने तीच खारी अर्धा ग्रॅमच देते. तेव्हा कायदा पाळणाऱ्या बेकरीची खारी पूर्वीइतकी घातक राहिलेली नाही. मात्र सुट्या खारीवर घटकांची चिठ्ठी नसते. तेथे कोणत्या डब्यातील तूप वापरता, हे बेकरीवाल्यास विचारणे हाच मार्ग. शिवाय ट्रान्स मेद गेला तरी घट्ट तुपातील इतर स्निग्धांश राहतोच, हे विसरू नये.

कढईची गोष्ट निराळी. घरगुती तळणात नव्याने ट्रान्स मेद होतो तो अल्पच. तेथील खरा दोष असा की, उष्णता, हवा आणि बटाट्या-डाळीतून सुटणारे पाणी ही तिघे मिळून तेल मोडतात. काही तुकडे आंबट व खवट होतात, काही एकमेकांस चिकटून राळेसारखे दाट होतात. या मोडलेल्या द्रव्यांस ध्रुवीय द्रव्ये म्हणतात. ती शंभरात पंचवीसहून अधिक झालेले तेल तळणास वापरू नये, असा नियम जुलै 2018 पासून आहे. हृदयास त्यांचा नेमका किती अपाय होतो, याचा पुरावा ट्रान्स मेदाइतका पक्का नाही. परंतु रक्तवाहिन्यांच्या अस्तरास ती पोषक नव्हेत, याविषयी संशय नाही.

येथे एक समजूत दूर केली पाहिजे. जुन्या तेलात ताजे तेल ओतले की ते शुद्ध झाले, असे अनेक भगिनी मानतात. त्याने दोषाचे प्रमाण त्या क्षणी उतरते खरे. पण दुधात विरजण पडावे तसे जुन्या तेलातील खवट द्रव्य नव्या तेलासही लवकर बिघडविते.

घरी मोजण्याचे यंत्र नसते, पण डोळे, नाक आणि बोटे असतात. मंद आचेवरच धूर निघू लागला, वडा सोडताच न जिरणारा बारीक फेस आला, रंग काळवंडला, बोटास चिकटपणा लागला, की ते तेल संपले असे समजावे. तोवरही दोन-तीन वेळांहून अधिक तळण त्यात करू नये. तळण होताच जळके कण गाळून काढावेत, आणि तेल लोखंडी कढईत वा कलई उडालेल्या पितळी भांड्यात न ठेवता काचेच्या बरणीत, अंधारात ठेवावे; लोखंड व तांबे या धातूंच्या संगतीने तेल लवकर खवटते. सर्वांत सोपे म्हणजे मुळात लहान कढई घेऊन तेलच बेताचे ओतणे. घाणे दोन वाढतात, पण मागे उरणारे तेल भाजीच्या एका फोडणीपुरतेच राहते.