लाइट आल्यावरची पहिली दोन मिनिटे

जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे प्रवेश सुरू होतात, उत्पन्नाचे, जातीचे आणि रहिवासाचे दाखले काढायला गर्दी होते. पुढे खरिपाची ई-पीक पाहणी येते. नेमके याच महिन्यांत महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात पाऊस कोसळत असतो आणि लाइटचा भरवसा नसतो. तारेवर फांदी पडली की दाखल्यांचे काउंटर अंधारात जाते. बॅटरी संपलेल्या यूपीएसवरचा संगणक त्याच क्षणी बंद पडतो आणि ब्राउझरमध्ये उघडलेली दहा-पंधरा पाने पडद्यावरून जातात. बाहेर रांगेत उभ्या माणसाला सांगितले जाते, ‘सगळं गेलं, पहिल्यापासून करावं लागेल.’ हे बहुतेक वेळा खरे नसते. पाने लाइट जाताना हरवत नाहीत, लाइट आल्यावर घाईघाईने केलेल्या क्लिकांमुळे हरवतात. म्हणून या विषयाकडे जरा बारकाईने पाहायला हवे.

ब्राउझर चालू असतो तेव्हा कोणते टॅब उघडे आहेत, प्रत्येक टॅबमध्ये मागे कोणती पाने होती, खिडक्या किती आहेत, याची नोंद तो संगणकाच्या डिस्कवर सतत करत असतो. फायरफॉक्स ती साधारण दर १५ सेकंदांनी ताजी करतो. क्रोम टॅब उघडला-मिटला की काही सेकंदांत त्याच्या फाइलमध्ये भर घालतो. म्हणजे वीज जाते तेव्हा शेवटची काही सेकंदे सोडून बाकी चित्र डिस्कवर उतरलेले असते. पुढच्या वेळी सुरू होताना ब्राउझर ही नोंद वाचतो. मागच्या खेपेला आपण नीट बंद झालो नव्हतो, हेही त्याला कळते. क्रोममध्ये मग वर उजव्या कोपऱ्यात `Restore pages?` अशी लहान चौकट येते. फायरफॉक्स बहुधा न विचारता पाने परत मांडतो आणि लागोपाठ कोसळला असेल तर आधी यादी दाखवून विचारतो.

या नोंदीला एक मर्यादा आहे. ब्राउझर साधारणपणे दोनच सत्रांची नोंद ठेवतो, आत्ताचे आणि त्याच्या लगेच आधीचे. लाइट आली, क्रोम उघडला, आडवी आली म्हणून ती चौकट फुलीवर टिचकी मारून घालवली, एखादे पान उघडून पाहिले, पुन्हा बंद केले, परत उघडले, एवढ्यात ‘लगेच आधीचे’ सत्र म्हणजे ते एका पानाचे सत्र होऊन बसते. पंधरा टॅबांचे जुने सत्र मागे ढकलले जाते आणि ते मिळण्याची खात्री उरत नाही. लाइट लपंडाव खेळत असेल तर हे पाच मिनिटांत घडते. वीज स्थिर झाल्याशिवाय ब्राउझर उघडूच नये, हा साधा नियम म्हणून बराच उपयोगी आहे.

एक प्रसंग धरून चालू. पोलादपूरच्या बाजारपेठेतल्या एका केंद्रात सकाळी ११.४० ला लाइट गेली आणि १२.०५ ला आली. क्रोमच्या दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत दाखल्यांचे अर्ज आणि कागदपत्रांची पाने, दुसरीत डिजिटल सातबाऱ्याचे संकेतस्थळ. क्रोम उघडल्यावर चौकटीतले `Restore` दाबले की दोन्ही खिडक्या परत यायला हव्यात. चौकट चुकून घालवली असेल तर क्रोम बंद न करता लगेच `Ctrl+Shift+T` दाबावे. एरवी ही कळ शेवटचा मिटलेला टॅब परत आणते, पण शेवटी बंद झाली ती अख्खी खिडकी असेल तर ती खिडकी सगळ्या टॅबांसह आणते. पुन्हा दाबले की त्याच्या आधीची. तीन ठिपक्यांच्या मेनूत `History` वर गेल्यास तिथेही अलीकडे बंद झालेल्या खिडक्या दिसतात आणि प्रत्येकीसमोर टॅबांची संख्या असते. संख्या पाहून आपली खिडकी ओळखता येते.

लाइट न जाता, हाताच्या चुकीने खिडकी बंद झाली तर हीच कळ चालते. त्यात फसगत होते ती दोन खिडक्यांची. पंधरा टॅबांची मोठी खिडकी आधी बंद केली आणि पीडीएफ पाहायला उघडलेली एका टॅबची खिडकी शेवटी, तर ब्राउझरच्या लेखी शेवटची खिडकी ती एका टॅबची. दुसऱ्या दिवशी तेवढीच परत येते आणि ‘रिस्टोअर चालत नाही’ असा बोभाटा होतो. अशा वेळी कळ आणखी एकदा दाबून पाहावी. मुळात सगळे एकदम बंद करायचे असेल तर खिडक्या एकेक करून न मिटता मेनूतला `Exit` वापरावा.

आणि इतके करूनही काही आले नाही तर? तेव्हा इतिहासाकडे वळावे. `Ctrl+H` दाबले की पाहिलेल्या पानांची वेळेनुसार यादी येते. आपल्या प्रसंगात ११.४० च्या आधीच्या अर्ध्या तासाच्या नोंदी पाहिल्या की कामाची पाने सापडतात. शोधाच्या चौकटीत संकेतस्थळाच्या नावाचा तुकडा टाकला, उदाहरणार्थ `mahabhumi`, की यादी आटोपशीर होते. क्रोम हा इतिहास संगणकावर ९० दिवस ठेवतो. यात टॅबांची मांडणी मिळत नाही, पत्ते मिळतात, आणि निम्मे काम त्यावर भागते.

वीज अचानक गेल्यावर कधी कधी नोंदीची फाइलच अर्धवट लिहिली जाते. टॅब फार मोलाचे असतील तर ब्राउझर उघडण्याआधीच त्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. विंडोजवर `Win+R` दाबून खालचा पत्ता टाकला की क्रोमचे फोल्डर उघडते:

```
%LOCALAPPDATA%\Google\Chrome\User Data\Default\Sessions
```

त्यात `Session_` आणि `Tabs_` या नावांनी सुरू होणाऱ्या फाइली असतात. अख्खे फोल्डर डेस्कटॉपवर कॉपी करावे. पुढे घोळ झालाच तर क्रोम पूर्ण बंद करून, नव्या फाइली बाजूला काढून, ही प्रत जागेवर ठेवता येते. फायरफॉक्स याबाबतीत अधिक दूरदर्शी आहे. त्याच्या प्रोफाइल फोल्डरात `sessionstore-backups` नावाचे फोल्डर असते आणि त्यात चालू नोंदीची `recovery.jsonlz4`, तिच्या आधीची `recovery.baklz4` आणि मागच्या सत्राची `previous.jsonlz4` अशा फाइली असतात. फायरफॉक्स बंद असताना यातली योग्य ती फाइल बाहेर प्रोफाइल फोल्डरात आणून तिला `sessionstore.jsonlz4` हे नाव द्यायचे. योग्य कोणती, हे आकार आणि वेळेवरून कळते. लाइट जाण्याच्या सुमाराची वेळ आणि त्यातल्या त्यात मोठा आकार असेल ती आपली. अगदीच चिमुकली फाइल बहुधा रिकाम्या सत्राची असते.

अर्थात हे सगळे त्या एका डिस्कवर अवलंबून आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत जी यंत्रे पाण्याखाली गेली, त्यांना `Ctrl+Shift+T` चा काय उपयोग होता! तिथे ब्राउझर खात्याशी जोडून सिंक चालू ठेवलेले असेल तरच दुसऱ्या यंत्रावरून तेच खाते उघडून जुने टॅब आणि इतिहास दिसतो. मोबाइलवर काम करणाऱ्यांसाठी क्रोमच्या मेनूत `Recent tabs` आहे. तिथे चुकून मिटलेला टॅब सापडतो, सिंक असेल तर दुसऱ्या यंत्रावरचेही टॅब दिसतात.

आता ज्याबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे त्या मुद्द्याकडे येऊ. परत येतो तो पानाचा पत्ता. त्या पानावर आपण कोण म्हणून आत शिरलो होतो, कोणत्या पायरीवर होतो, हे सरकारी सर्व्हरच्या हातात असते. पंचवीस मिनिटांच्या खंडानंतर तो बहुतेक वेळा पुन्हा लॉगिन मागतो. भरलेला मजकूर साध्या पानांवर कधी कधी परत दिसतो, पण पायऱ्यापायऱ्यांच्या अर्जात त्यावर विसंबू नये. अर्जाचा क्रमांक पडला असेल तर नवा अर्ज न करता लॉगिन करून जुना शोधावा, नाहीतर एकाच माणसाचे दोन अर्ज उभे राहतात. क्रमांक पडला की लगेच कागदावर लिहून घेणे ही जुनी कारकुनी सवय इथे कामी येते.

पैशांच्या पानाबाबत तर जास्तच जपायला हवे. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. कॉलेजच्या प्रवेशाचे शुल्क मात्र हजारांत असते. पैसे भरताना लाइट गेली आणि परत आलेला टॅब `Confirm Form Resubmission` असे विचारू लागला, तर ‘होय’ म्हणू नये. तेच शुल्क दुसऱ्यांदा जाण्याची शक्यता असते. तो टॅब मिटावा, बँकेचा एसएमएस किंवा खात्याचे विवरण पाहावे, मग संकेतस्थळावर नव्याने लॉगिन करून व्यवहाराची स्थिती किंवा खात्यातली शिल्लक तपासावी. पैसे गेले आणि पावती आली नाही, असे दिसले तर व्यवहार क्रमांक टिपून थोडे थांबावे. टॅब परत आणणे हे अशा वेळी उलट नुकसानीचे ठरू शकते.

राहिला प्रश्न, हे सारे आपोआप व्हावे म्हणून सेटिंग बदलावे का? क्रोमच्या सेटिंगमध्ये `On startup` खाली `Continue where you left off` निवडले की प्रत्येक वेळी मागचे टॅब समोर येतात. घरच्या संगणकावर जरूर निवडावे. दहा गिऱ्हाइके बसून जातात त्या काउंटरवर मात्र नको, असे आमचे मत आहे. हा पर्याय टॅबांबरोबर एरवी ब्राउझर बंद होताना पुसल्या जाणाऱ्या लॉगिनच्या खुणाही जपून ठेवतो. सकाळी एखाद्या मावशींचे ईमेल उघडून दिले आणि लॉगआउट राहून गेले, तर संध्याकाळी बसलेल्या मुलासमोर तेच ईमेल उघडू शकते. काउंटरवर त्यापेक्षा दोन वाटा वेगळ्या ठेवाव्यात. केंद्रचालकाचे स्वतःचे काम त्याच्या स्वतंत्र प्रोफाइलमध्ये, जिथे कोसळल्यावर `Restore` दाबून पाने परत मिळतील. गिऱ्हाइकाचे ईमेल किंवा बँक मात्र `Guest` खिडकीत, जी बंद होताच सगळे पुसून टाकते. लाइट गेली तर त्या खिडकीतले काहीच परत येणार नाही, `Incognito` चेही तसेच. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे आणि यूपीएसची बॅटरी मे संपण्याआधी बदलून घ्यावी.