एक सरासरी की दोन?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्याने संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट घातली. मुख्य विषयाची स्वतंत्र सरासरी मात्र मागितली नाही.

अलोरे येथील दोन विद्यार्थी कल्पनेने घेऊ. निम्मे श्रेयांक मुख्य विषयाचे धरू. पहिल्यास मुख्य विषयात ६६ व इतरांत ८४ टक्के पडले. सरासरी ७५ भरली, दार उघडले. दुसऱ्यास मुख्य विषयात ८४ व इतरांत ६४. सरासरी ७४, म्हणून तो बाहेर! वस्तुतः संशोधन करावयाचे ते मुख्य विषयातच.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात दोन्ही सरासऱ्या निरनिराळ्या पाहतात. आमच्या मते तोच मार्ग योग्य. परंतु मुख्य विषयाची अट चढी ठेवताना एकूण गुणांची उतरवावी. अन्यथा दुसऱ्यावरील अन्याय कायमच राहील.